बाळंतपणाच्या रजेवरून रुजू होताना टीमला लिहायचा मेल: आभार, वेळा आणि चार्ज परत घेण्याच्या तारखा

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे, आम्ही सहा जण. २६ आठवड्यांची रजा रविवारी ५ जुलैला संपते, सोमवारी रुजू होते. माझं पार्टी पेमेंटचं काम एका ताईंनी आणि जीएसटी-टीडीएस एका ज्युनिअर मुलाने सांभाळलं. त्यांचे आभार मानायचेत, पण आता मी साडेपाचला निघणार, पहिल्यासारखी आठपर्यंत थांबू शकणार नाही, हेही सांगायचंय. एकाच मेलमध्ये दोन्ही कसं लिहू? माफी मागितल्यासारखंही वाटू नये.

उत्तर:

दोन्ही एकाच मेलमध्ये बसतं. पण या मेलचा खरा गाभा आभारही नाहीत आणि वेळाही नाहीत. सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: आता हे काम कोणाला विचारायचं? त्याचं तारखांसकट उत्तर मेलमध्ये असलं, तर आभार मनापासूनचे वाटतात आणि साडेपाचला निघणं कोणाला खटकत नाही. ते उत्तर नसेल, तर मेल कितीही गोड असो, अकरा वाजेपर्यंत पार्ट्यांचे फोन तुमच्याकडे वळलेले असतात आणि सहा महिन्यांत कुठलं बिल का अडलं हे तुम्हाला माहीत नसतं.

म्हणून लिहायला बसण्याआधी चार्ज कधी आणि कसा परत घ्यायचा ते ठरवा. तुमच्या बाबतीत कॅलेंडर थोडं अडचणीचं आहे. ६ जुलैला रुजू व्हाल आणि दुसऱ्याच दिवशी, ७ तारखेला, जूनचा टीडीएस भरायचा आहे. ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, आणि ३१ जुलैला एप्रिल ते जून तिमाहीचं टीडीएस रिटर्न. या मालिकेच्या मधोमध काम हातात घेतलं की चूक होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, कारण जूनची बिलं ज्याने नोंदवली त्यालाच त्यातल्या खाचाखोचा माहीत असतात. जूनचं कर-चक्र त्या मुलाकडेच संपू द्या. तुम्ही ३बी भरण्याआधी तपासा, रिटर्नच्या वेळी शेजारी बसा आणि ७ ऑगस्टच्या टीडीएसपासून काम स्वतःकडे घ्या.

पेमेंटचं काम याहून लवकर परत घेता येतं, कारण ते आठवड्याचं असतं. तुमच्याकडे शुक्रवारी पेमेंट निघतं असं धरतो. १० जुलैची यादी ताईच करतील, तुम्ही फक्त बघाल. १७ ची यादी तुम्ही करा, ताई तपासतील. सोमवार २० पासून पेमेंट पूर्ण तुमचं. पहिल्या आठवड्यात नुसतं बघायचं याला कारण आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावी लागतात. कुठली पार्टी कुठल्या गटात आहे आणि कोणाची मुदत कधी भरते, ही यादी सहा महिन्यांत बदललेली असते. जुन्या आठवणीवर पहिलं पेमेंट काढलं तर नेमकी एखादी छोटी पार्टी मागे राहते.

आणखी एक गोष्ट आधी तपासा, नाहीतर मेलमधल्या तारखा खोट्या ठरतील. बराच काळ न वापरलेला बँकेचा युजर आयडी बंद पडलेला असू शकतो, आणि तो सुरू करायला कंपनीच्या सहीचं पत्र लागू शकतं. जीएसटी पोर्टलचा ओटीपी तुमच्या गैरहजेरीत दुसऱ्याच्या नंबरवर वळवला असेल. टॅलीतले अधिकारही बदलले असतील. रजेच्या शेवटच्या आठवड्यात साहेबांना एवढंच कळवा की हे सुरू करून ठेवायला सांगा. तुम्ही रजेवर आहात, त्यामागे धावणं तुमचं काम नाही. अधिकार २० पर्यंत मिळणार नाहीत असं कळलं, तर मेलमध्ये २० लिहूच नका.

पाठवायचं कधी? सोमवारी सकाळी आल्या आल्या नको. आधी साहेबांशी पंधरा मिनिटं आणि काम सांभाळलेल्या दोघांशी वेगवेगळी दहा-दहा मिनिटं बोला. चार्ज आपल्याकडून कधी जाणार हे त्यांना सगळ्यांबरोबर मेलमधून कळलं तर आभाराचा परिच्छेद वाया गेला असं समजा. ताईंनी सहा महिन्यांत पेमेंटची पद्धत बसवली असेल, त्या मुलाला हे काम आवडलंही असेल. त्यांच्या तारखा तुमच्या डोक्यातल्या तारखांपेक्षा वेगळ्या निघू शकतात. बोलणं झालं की दुपारी बाराच्या सुमाराला मेल टाका. त्याआधीच्या शुक्रवारी साहेबांनी दोन ओळींचा मेल टाकला तर उत्तमच: मॅडम सोमवारी रुजू होत आहेत, कामं सध्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच राहतील. सोमवारची सकाळ शांत जाते.

आता वेळा. यात एकच पथ्य आहे: घड्याळातली वेळ लिहा, कारण लिहू नका. 'थोडं लवकर निघावं लागेल, समजून घ्याल' असं लिहिलं की प्रत्येक जण आपापल्या सोयीने अर्थ लावतो. कोणाला वाटतं सहा, कोणाला साडेसहा, आणि पावणेसहाला आलेला फोन तुम्ही उचलला नाही की कुजबुज सुरू होते. 'मी ९ ते ५:३० ऑफिसात असेन' यात लावायला अर्थच उरत नाही. बाळ, सासूबाई, पाळणाघर, कंपनीची बस यातलं काही सांगू नका. कारण सांगितलं की त्यावर उपाय सुचवणारे भेटतात. 'मग त्या दिवशी आईला बोलवा ना' म्हणणारं कोणीतरी प्रत्येक ऑफिसात असतं.

त्याच वेळी साडेपाचनंतर काय, हे सांगायलाच हवं. नुसतं 'निघणार' हे अर्धं वाक्य झालं. तुमच्या कामात साडेपाचनंतर खरोखर तातडीचं फार थोडं असतं: भरण्याची शेवटची तारीख, बँकेने परत पाठवलेलं पेमेंट, गेटवर अडलेली गाडी. त्यासाठी फोन करा, बाकीचं सकाळी, असं लिहिलं की लोकांना दार बंद झाल्यासारखं वाटत नाही. मात्र यादी तीन गोष्टींच्या वर नेऊ नका, नाहीतर सगळंच तातडीचं होऊन बसतं.

दुधासाठीच्या सुट्टीबद्दल मेलमध्ये वेळ यावी, विषय नाही. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी मिळण्याचा हक्क १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होता, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि विश्रांतीची वेळ धरून दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. हे सगळं एचआरशी आधी बोलून ठरवा. दूध काढून ठेवायचं असेल तर आतून कडी लागणारी खोली, प्लगपॉइंट आणि फ्रीज या तिन्हींचं नक्की करून घ्या. नागपूरच्या दमट जुलैत दूध टेबलाखालच्या बॅगेत ठेवून दिवस काढता येणार नाही. टीमला एवढंच कळवायचं: ११:३० आणि ४ वाजता वीस-वीस मिनिटं मी जागेवर नसेन. कॅलेंडरमध्ये त्या वेळा रोजच्या म्हणून अडवून ठेवा. आयत्या वेळी सांगत बसलात तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी चार वाजताच मीटिंग लावेल.

जुन्या मेलचं काय करायचं तेही लिहा. सहा महिन्यांचे हजारो मेल वाचायला बसलात तर पहिला आठवडा त्यातच जाईल, आणि त्यातले बहुतेक विषय केव्हाच मिटलेले असतील. सरळ लिहा की ५ जानेवारी ते ५ जुलैमधले मेल मी एकेक करून वाचणार नाही, काही अडलेलं असेल तर शुक्रवारपर्यंत पुन्हा पाठवा. एक अपवाद स्वतःपुरता ठेवा: जीएसटी, आयकर, बँक आणि ऑडिटर यांचे मेल पाठवणाऱ्याच्या नावाने शोधून पाहा. नोटिसा कधीकधी नोंदलेल्या जुन्या पत्त्यावरच येत राहतात. आणि रजेचं आपोआप जाणारं उत्तर बंद करा. लोक हे विसरतात, मग मेल मिळाल्यावर आभाराला उत्तर देणाऱ्यालाच 'मी रजेवर आहे' असं परत जातं.

आभारांकडे येऊ. 'सर्वांनी केलेल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार' हे वाक्य निरोप समारंभापासून गणेशोत्सवाच्या अहवालापर्यंत कुठेही चालतं, म्हणून इथे कोणालाच लागू पडत नाही. प्रत्येकाबद्दल एकच वाक्य लिहा, पण त्यात नाव, काम आणि त्या कामातली अवघड गोष्ट, तिन्ही असू द्या. तुमच्या रजेत ३१ मार्च येऊन गेला. वर्षअखेर, पार्ट्यांकडून शिल्लक खात्रीची पत्रं, ऑडिटरच्या चौकश्या, हे सगळं त्या दोघांनी आपापलं काम सांभाळून निभावलं. ते लिहा. पण आधी साहेबांना किंवा ऑडिटरला विचारून घ्या की नेमकं कोणी काय केलं. अंदाजाने आभार मानले आणि पत्रांच्या मागे भलताच माणूस लागलेला होता असं निघालं, तर ज्याने रात्री थांबून काम केलं तो काही बोलणार नाही, पण विसरणारही नाही.

यादीतून सुटणारी माणसं बहुधा विभागाबाहेरची असतात. मालाच्या पावत्या जुळवून देणारे स्टोअरमधले दादा, चेक घेऊन बँकेत जाणारा मुलगा, काही महिने करारावर येऊन गेलेली कोणी. ज्यांना कंपनीचा मेल नाही त्यांना जाऊन भेटा. करारावरची व्यक्ती निघून गेली असेल तर तिला वेगळं लिहा. एकदा नावं घेतलीत की सुटलेलं नाव जास्त टोचतं, तेव्हा पाठवण्याआधी यादी साहेबांना दाखवा.

माफीच्या सुराबद्दल तुमची भीती रास्त आहे. तो सूर दोन-तीन ठरावीक जागांतून शिरतो: 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला', 'आता भरपाई करेन', 'तुमच्या उपकारांतून उतराई'. रजा कायद्याने मिळालेली आहे आणि कामाची सोय करणं कंपनीचं काम होतं. त्या दोघांनी मेहनत घेतली हे कबूल करायला तुम्ही अपराधी असण्याची गरज नाही. उलट 'भरपाई करेन' लिहून ठेवलंत तर सप्टेंबरात कोणीतरी ते वसूल करायला येईल. 'आता पूर्ण ताकदीने परत आलेय' हेही टाळा. साडेपाचला निघणार त्याच मेलमध्ये ते वाक्य चांगलं दिसत नाही.

आता मेल. नावं मी घातली आहेत, तुमची टाका.

> विषय: ६ जुलैपासून रुजू: कोणतं काम कोणाकडे, माझ्या वेळा आणि आभार
>
> नमस्कार,
>
> आज मी कामावर रुजू झाले. आम्ही दोघंही छान आहोत, चौकशी करणाऱ्या सगळ्यांना धन्यवाद.
>
> पार्टी पेमेंट: १७ जुलैपर्यंत प्रणालीताईंकडेच. शुक्रवार १० ची यादी त्या करतील, १७ ची मी करेन आणि त्या तपासतील. सोमवार २० पासून पेमेंटसाठी मला विचारा.
>
> जीएसटी आणि टीडीएस: जूनचं सगळं काम आणि ३१ जुलैचं टीडीएस रिटर्न अमोलकडे. ७ ऑगस्टच्या टीडीएसपासून माझ्याकडे.
>
> तोपर्यंत पार्टीचा फोन माझ्याकडे आला तर मी तो या दोघांकडे देईन.
>
> माझ्या वेळा: सोमवार ते शनिवार ९ ते ५:३०. रोज ११:३० आणि ४ वाजता वीस मिनिटं जागेवर नसेन, कॅलेंडरमध्ये नोंद आहे. ५:३० नंतर भरण्याची शेवटची तारीख, बँकेने परत केलेलं पेमेंट किंवा गेटवर अडलेली गाडी असेल तर फोन करा. बाकीच्या मेलना दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत उत्तर मिळेल.
>
> ५ जानेवारी ते ५ जुलैमधले मेल मी एकेक करून वाचणार नाही. माझ्यामुळे काही अडलं असेल तर शुक्रवार १० पर्यंत पुन्हा पाठवा.
>
> प्रणालीताई, वर्षअखेरीला सगळ्या पार्ट्यांची शिल्लक पत्रं तुम्ही स्वतः फोन करून मिळवलीत आणि त्या गडबडीतही शुक्रवारचं पेमेंट चुकू दिलं नाहीत. छोट्या पार्ट्यांच्या मुदतीचा जो तक्ता तुम्ही केलात तो मी तसाच पुढे चालवणार आहे. अमोल, पहिल्यांदाच सगळी रिटर्न एकट्याने भरलीस आणि ऑडिटरच्या चौकश्यांना कागदांसकट उत्तरं दिलीस. स्टोअरच्या रमेशदादांनी पावत्या वेळेत जुळवून दिल्या म्हणून हे जमलं असं दोघंही सांगतात. तिघांचे मनापासून आभार.
>
> कळावे.

यात ताई 'तुम्ही' आहेत आणि अमोल 'तू'. ऑफिसात तुम्ही जसं बोलता तसंच लिहा. एरवी 'तू' म्हणत असलेल्या मुलाला मेलमध्ये 'आपण' केलंत तर तो दचकेल. बाळाबद्दल एकच ओळ आहे. फोटो जेवणाच्या सुट्टीत फोनवर दाखवा, मेलला जोडू नका, कारण हा मेल पुढे कोणाकोणाला जाईल ते हातात राहत नाही. नागपुरात विभागात हिंदी बोलणारे निम्मे असतातच. तुमचे रोजचे मेल इंग्रजीत किंवा हिंदीत जात असतील तर हाही त्याच भाषेत लिहा. क्रम मात्र हाच ठेवा: काम, वेळा, मग आभार. आभार वर घेतले की लोक पहिला परिच्छेद वाचून, अंगठ्याचं चिन्ह टाकून मेल बंद करतात आणि २० तारीख कोणी वाचत नाही.

'तक्ता तसाच पुढे चालवणार आहे' हे वाक्य शोभेचं नाही. लिहिलंत तर पाळा. ताईंची पद्धत तुम्हाला पटली नाही तरी २० जुलैपर्यंत त्यात हात घालू नका, आणि नंतर बदलायची झाली तर आधी त्यांच्याशी बोला. रुजू झाल्याच्या आठवड्यात सगळं जुन्यासारखं केलं की आभारांचा अर्थ लोक उलटा लावतात. चुका सापडतीलच, एखाद्या बिलाचं क्रेडिट जीएसटीआर-२बीशी जुळलेलं नसेल. ते या मेलमध्ये नको आणि साहेबांना कॉपी ठेवूनही नको. शेजारी बसून अमोलला सांगा, म्हणजे पुढच्या रिटर्नमध्ये ते दुरुस्त करता येईल.

हा मेल विभागातले सगळे, स्टोअर, खरेदी आणि साहेब एवढ्यांनाच पाठवा. पूर्ण कारखान्याला पाठवला तर अनोळखी लोकांचे अभिनंदनाचे मेल येतात आणि कामाच्या तारखा त्यात बुडतात. पार्ट्यांना वेगळा, तीन ओळींचा मेल २० तारखेला पाठवा, आज नको. आज पाठवलात तर १० च्या पेमेंटबद्दल ते तुम्हालाच विचारतील.

साहेबांना मात्र आणखी एक मेल हवा, आणि तो बहुतेक जणी लिहीतच नाहीत. सगळ्यांसमोरचे आभार छान, पण पगारवाढीच्या वेळी फाईलमध्ये काय आहे तेच बघितलं जातं. चार ओळी पुरेत:

> सर, जानेवारी ते जुलै या काळात प्रणालीताईंनी स्वतःचं काम सांभाळून पार्टी पेमेंट आणि वर्षअखेरीची शिल्लक पत्रं पूर्ण केली. अमोलने या काळातली सगळी जीएसटी आणि टीडीएस रिटर्न मुदतीत भरली. हे दोघांच्या वार्षिक मूल्यमापनात नोंदवावं ही विनंती. अमोलला जीएसटीआर-१ कायमचं द्यावं असं मला वाटतं, यावर बोलायला वेळ द्याल का?

'मुदतीत' लिहिण्याआधी पोर्टलवर भरल्याच्या तारखा बघून घ्या. शेवटच्या ओळीत तुमचाही फायदा आहे. आठपर्यंत थांबून होणारं काम साडेपाचपर्यंत बसवायचं असेल तर काहीतरी कायमचं कमी व्हावं लागेल, आणि जो ते सहा महिने नीट करत आला आहे त्याला ते नावासकट मिळालं तर दोघांचंही भलं. मात्र त्याला विचारून मगच लिहा.

साहेब म्हणाले, 'चार्ज आजच घ्या, अमोलकडे दुसरी कामं आहेत', तर वाद घालू नका. एकच विचारा: उद्याचा टीडीएस आणि ११ चं जीएसटीआर-१ तरी त्याने भरावं, मी तपासते, चालेल का? कर भरायला उशीर झाला तर व्याज लागतं, त्यामुळे याला सहसा नाही म्हणत नाहीत. तेवढं मिळालं तर मेलमधली जीएसटीची ओळ '११ जुलैपर्यंत अमोलकडे, नंतर माझ्याकडे' अशी करा आणि बाकी मेल तसाच पाठवा.

पहिल्या दहा दिवसांत कोणी पावणेसहाला साधं बिल विचारायला फोन करेलच. उचलू नका, सकाळी दहाच्या आत त्यांना स्वतःहून उत्तर द्या. दोन-तीनदा असं झालं की फोन थांबतात. एकदा उचललात तर मात्र मेलमधली वेळ कोणी खरी मानत नाही. २० जुलैला एक शेवटची ओळ टीमला टाका: 'पार्टी पेमेंट आजपासून माझ्याकडे, जीएसटी-टीडीएस ठरल्याप्रमाणे ३१ पर्यंत अमोलकडे.'